लग्न त्याचं आणि माझं, सोय कोणाची?

*ताई, मी चोपडा तालुक्यातली, वय २८, नाशिकला नोकरी करते. मला मुली आवडतात आणि चार वर्षांपासून एका मैत्रिणीवर माझं प्रेम आहे. घरी कोणालाच माहीत नाही. माझं जमेपर्यंत धाकट्या भावाचं लग्न अडलंय. ऑनलाइन ओळख झालेला धुळ्याचा एक मुलगा गे आहे. तो म्हणतो, आपण नावापुरतं लग्न करू, दोघांची सुटका होईल. अखाजीला घरी जाईन तेव्हा आप्पा उत्तर मागतील. हो म्हणू की खरं सांगून टाकू?*

बाळा, तो मुलगा तुला फसवत नाहीये, उलट त्याने सगळं आधीच सांगितलं. ज्यांना काहीच कळू न देता बोहल्यावर चढवतात, त्या बायकांपेक्षा तुझी परिस्थिती बरी आहे. पण सुटका दोघांची सारखी होणार नाही. त्याचं लग्न झालं की त्याच्यामागचा तगादा थांबेल. तुझ्यामागे मात्र सासर लागेल.

पहिलं वर्षच बघ. श्रावणात कानबाईला नवी सून घरी हवी, दिवाळीला हवी, सासूचा गुडघा दुखला तरी हवी. नाशिकला दोन खोल्या घेऊन वेगळे झोपाल, पण आईवडील मुक्कामाला आले की एका खोलीत जावं लागेल. तुझी मैत्रीण तेव्हा कुठे असेल? आणि वर्ष सरता सरता "काही आहे का?" सुरू होईल. आपल्याकडे हा प्रश्न आधी सुनेला विचारतात, तपासणीलाही आधी तिलाच नेतात. मुलाचं काय करायचं, हे तुम्ही दोघं बोललात का? नसेल तर बाकी काहीच ठरलेलं नाही असं समज.

कायद्याला नावापुरतं लग्न कळत नाही. विधीपूर्वक लागलं की ते पूर्ण लग्न. "एकमेकांवर हक्क नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तरी त्याचा कोर्टात फारसा आधार मिळत नाही. सुटायचं तर हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोट आहे, पण त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं. शिवाय तो ऐन वेळी नाही म्हणाला तर संमती उरतच नाही. मग तुला त्याच्यावर आरोप करत कोर्टात उभं राहावं लागेल.

आणखी एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. उद्या तुझ्या पगारातून तू फ्लॅट घेतलास, मूलबाळ नसताना आणि मृत्युपत्र न करता तू गेलीस, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तो फ्लॅट नवऱ्याला जातो. नवरा नसेल तर त्याच्या वारसांना. तुझ्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो आणि मैत्रिणीचा लागतच नाही. हे सगळं ऐकूनही हो म्हणणार असशील तर मृत्युपत्र आधी, बस्ता नंतर.

आता खरं सांगण्याचं. तू दोन गोष्टी एकात बांधल्या आहेस. लग्नाला नकार देणं वेगळं आणि आपल्याबद्दल सांगणं वेगळं. पहिलं आत्ता करायला हवं, दुसऱ्याला घाई नाही. आप्पांना एवढंच सांग: "आप्पा, माले लगीन करनं नही." यंदा नको, प्रमोशन होऊ दे, असलं काही बोलू नकोस. त्याचा अर्थ घरात "पुढच्या अखाजीला" असाच निघतो आणि बायोडाटा फिरतच राहतो. कारण विचारतील, रडारड होईल, "कोणी आहे का?" येईल. त्यावर नकार तेवढाच, तसाच पुन्हा.

भावाचं काय, तर त्याच्याशी आधी बोल. "माझ्यासाठी थांबू नकोस, मी आप्पांना तसं सांगते," एवढं ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते पाहा. पुढे कधी पूर्ण सांगायचं झालं, तर घरातला पहिला माणूस तोच आहे की नाही याचा अंदाज तिथेच येईल. २०१८ पासून तुझं प्रेम गुन्हा नाही. पण दोन मुलींच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये तेच सांगितलं. त्यामुळे "मग तिच्याशी कर लग्न" असं कोणी रागाने म्हणालं तरी ती वाट आज बंद आहे.

अखाजीला जाताना मूळ मार्कशीट, पॅन, आधार, पासबुक नाशिकलाच ठेव. परतीचं तिकीट काढून जा आणि आत्याच्या गावी "चार दिवस" पाठवायची भाषा आली तर जाऊ नकोस. कोणी "उपचार" करणारा डॉक्टर सुचवला तर लक्षात ठेव, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. मैत्रिणीला रोज रात्री एक फोन ठरवून ठेव, आणि फोन आला नाही तर तिने कोणाला कळवायचं, ते निघण्याआधी तिच्याशी बोलून घे.