बचत गटात सोनं की आरडी: महिन्याला पाचशेचा हिशोब

प्रश्न: विट्याजवळच्या आमच्या गावात पुढच्या बैठकीला 'सोनं घ्यावं की बँकेत आरडी करावी' यावर मला बोलायला सांगितलंय. गटातल्या बायका महिन्याला पाचशेच्या आसपास बाजूला टाकू शकतात. नेमकं काय सांगू?

मी खानापूर तालुक्यातच गटांच्या बैठकांत बँकेचे व्यवहार समजावून सांगते, त्यामुळे तुमच्यासमोर कोण बसणार याचा मला अंदाज आहे. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यात आहे. कॅरेट म्हणजे काय ते या बायकांना शिकवायला जाऊ नका, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आणि पहिल्या पाच मिनिटांतच एखादी म्हणणार, "माझे दीर गलाईत आहेत, ते सांगतात सोनं कधी खाली येत नाही." तिला खोटं पाडू नका. गेल्या काही वर्षांत भाव दुपटीच्या पुढे गेलाय, ते सगळ्यांना दिसतंय. फक्त एवढं सांगा, की २०१२ मध्ये तोळा ३१,००० च्या आसपास होता आणि २०१५ मध्ये २६,००० च्या आसपास. त्या तीन वर्षांत जिला पोरीच्या प्रवेशासाठी दागिना मोडावा लागला, तिचं काय झालं असेल ते बायका आपणहून बोलतात.

खरी गोष्ट भावात नाही, पावतीत आहे. गटातल्याच एखादीची दागिन्याची पक्की पावती मागून घ्या आणि ती हातोहात फिरू द्या. मग फळ्यावर हिशोब मांडा. भाव रोज बदलतो, म्हणून हिशोबापुरता ग्रॅमला १०,००० रुपये धरा. चार ग्रॅमची कानातली घेतली, तर सोनं झालं ४०,००० चं. मजुरी दुकानागणिक आणि नक्षीगणिक वेगळी असते, आपण १२ टक्के धरू, म्हणजे ४,८००. या दोन्हींवर ३ टक्के जीएसटी, १,३४४. हातातून गेले ४६,१४४ रुपये. आता तीच कानातली दुसऱ्या दिवशी मोडायला नेली तर मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही, वर सराफ काहीतरी घट धरतो. ती ३ टक्के धरली तर हातात येतात ३८,८००. एका रात्रीत ७,३४४ रुपये गेले, आणि भाव एक रुपयानेही हललेला नाही. आपले पैसे नुसते सुटायचे तर ग्रॅमचा भाव ११,९०० च्या आसपास जायला हवा, म्हणजे जवळपास १९ टक्के वाढ. हा आकडा फळ्यावर आला की बैठक शांत होते.

कुणी विचारेल, मग वळं किंवा नाणं घेतलं तर? मजुरी कमी पडते, बरोबर आहे. पण अगदी बारीक नाण्यावर वजनाच्या मानाने मजुरी जास्तच बसते, आणि बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही, ते सराफाकडेच न्यावं लागतं.

आता आरडी. इथेही आकडा खरा सांगा, फुगवू नका. महिन्याला ५०० प्रमाणे वर्षाची आरडी साडेसहा टक्क्यांनी केली तर ६,००० भरून ६,२१४ च्या आसपास मिळतात. वर्षभराचं व्याज २१४ रुपये! बायका हसतील, हसू द्या. मग विचारा, की महिन्याला पाचशे टाकणारी बाई सोनं घेणार कधी? वर्षाच्या ६,००० त आपल्या धरलेल्या भावाने एक ग्रॅमही येत नाही. तोवर ते पैसे डब्यात राहतात, आणि डब्यातले पैसे घरात सगळ्यांना माहीत असतात. आरडीचा उपयोग २१४ रुपयांसाठी नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सहा हजार जागेवर सापडतात, त्यासाठी आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्या पैशाला तारीख आहे, म्हणजे फी, शेळी, बोअरची मोटर, तो आरडीत. लग्नात अंगावर घालायचंच आहे, ते सोनं घ्या, पण आरडी पिकल्यावर एकरकमी, हॉलमार्क आणि दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर बघून. नुसती 'गुंतवणूक' म्हणून दागिना घेऊ नका. आणि जिच्यावर मायक्रोफायनान्सचं वीस टक्क्यांच्या वरचं कर्ज आहे, तिने दोन्ही सोडून आधी ते फेडावं. हे बोलताना कुणाकडे बघू नका, कोण ते सगळ्यांना माहीत असतं.

सोन्याची एक बाजू मात्र मान्य करा, नाहीतर तुम्ही बँकेच्या एजंट वाटाल. ते बाईचं स्वतःचं असतं आणि अडीअडचणीला तासाभरात तारण ठेवता येतं. एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. फक्त मणी, खडे, लाख यांचं वजन धरत नाहीत, त्यामुळे मंगळसूत्रावर किती कमी कर्ज मिळतं ते ऐकून बायका चकित होतात. आरडी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तरच तीही तितकीच तिची. पासबुक आणि एटीएम नवऱ्याकडे असेल तर सगळं बोलणं वाया.

सराफाच्या अकरा हप्त्यांच्या योजनेबद्दल प्रश्न येणारच. ती बचत नाही, आगाऊ खरेदी आहे. शेवटी रोख बहुधा मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो, आणि सराफाने माफ केलेला हप्ता मजुरीत निघून जाऊ शकतो. दुकान बंद पडलं तर त्या पैशाला विमा नाही. पतसंस्थेतल्या आरडीलाही तो नाही. ठेव विम्याचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या, पतसंस्था नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजावावं लागत नाही, पण पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे वाचायला मात्र सांगा.

पोस्टाची आरडी सुचवणार असाल तर ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, हे आधीच सांगा. महिना चुकला तर शंभराला एक रुपया दंड, लागोपाठ जास्त हप्ते चुकले तर खातं बंद. नव्या बाईला बँकेची एक वर्षाची बरी.

आरडी बहुतेक वेळा मोडते ती हप्त्याच्या तारखेमुळे. आपल्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. ते खात्यावर जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेत लिहून द्यायला सांगा. बैठकीला शाखेतला कुणी आला तर तो अर्ज तिथेच भरून घ्या, घरी नेलेला अर्ज परत येत नाही.