कॅनडाचं नकारपत्र पहिल्या पानावर संपत नाही

"मॅडम, कॅनडाचा स्टडी परमिट रिफ्यूज झाला. पत्राचा स्क्रीनशॉट पाठवतोय. शिकून झाल्यावर मी परत जाईन याची त्यांना खात्री नाही म्हणे, कॅनडाबाहेर माझी जवळची नाती नाहीत आणि पैसेही पुरेसे नाहीत. घरात आई, बाबा, आजी आहेत आणि पैसे तर आम्ही लागतात त्यापेक्षा जास्त दाखवले होते! एजंट म्हणतो लगेच परत टाकू. माझ्या नावावर कायमचा शिक्का बसला का?"

शिक्का बसत नाही. पुन्हा अर्ज करायला बंदीही नसते. पण 'लगेच परत टाकू' हा सल्ला ऐकायच्या आधी थोडं थांबायला हवं. का, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. त्याला सुमित म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुमित सांगली जिल्ह्यातला. बीई मेकॅनिकल, चाकणला दोन वर्षं नोकरी आणि ओंटारिओतल्या एका कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंटला प्रवेश. त्यानेही मला स्क्रीनशॉटच पाठवला होता. सगळे तेच करतात, आणि तो बहुतेक वेळा फक्त पहिल्या पानाचा असतो. त्या पानावर R216(1)(b) असा नियम क्रमांक असतो आणि खाली दोन-तीन छापील वाक्यं. हीच वाक्यं मी लातूरच्या मुलीच्या पत्रात वाचली आहेत आणि ठाण्याच्या मुलाच्याही. नियम एवढंच सांगतो की मुक्काम संपल्यावर तुम्ही देश सोडाल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. खात्री कुठल्या कागदामुळे पटली नाही, हे त्या वाक्यांतून कळत नाही.

ते कळतं अधिकाऱ्याच्या टिपणातून. पूर्वी हे टिपण मिळवायला कॅनडातल्या कुणाला तरी संमतिपत्र देऊन माहिती अधिकारातला अर्ज करावा लागायचा, पाच डॉलर भरायचे आणि महिनाभर किंवा जास्त वाट बघायची. 29 जुलै 2025 पासून स्टडी परमिटच्या बऱ्याच नकारपत्रांसोबतच ते येऊ लागलं आहे. सुमितच्या पीडीएफमध्येही ते होतं. पहिलं पान वाचून त्याने फोन उपडा ठेवला होता, पुढे सरकलाच नव्हता.

पहिल्या भेटीत तो नात्यांच्या वाक्यावरच अडकला होता. "आजीनं मला लहानाचा मोठा केला. आणि हे लिहितात, नाती नाहीत." मी त्याला टिपण मोठ्याने वाचायला लावलं. मराठीत त्याचा आशय साधारण असा होता: अर्जदार तरुण, अविवाहित, कुणी अवलंबून नाही. अभियांत्रिकीची पदवी व नोकरी असताना एवढ्या खर्चाचा कॉलेज पातळीवरचा हा अभ्यासक्रम का, हे पत्रातून पटत नाही. वडिलांच्या खात्यात अर्जाच्या आधी मोठ्या रकमा जमा, त्यांच्या स्रोताचा पुरावा नाही, नोंदलेल्या उत्पन्नाशी मेळ नाही.

"यातली तुझ्याबद्दलची वाक्यं किती?" मी विचारलं.

"सगळीच."

"मला एकच दिसतं, पहिलं. बाकीची कागदांबद्दल आहेत."

तो काही बोलला नाही, पण पटलेलं नव्हतं हे दिसत होतं. समुपदेशनाच्या ज्या पठडीत मी तयार झाले ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची. घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं ती मानते. 'तुम्ही खात्री पटवली नाही' हे वाक्य ही मुलं 'तू खोटारडा आहेस' असं वाचतात आणि आईवडील 'तुमची ऐपत नाही' असं. अशा वेळी नुसता धीर देणं मला पटत नाही. अर्थ बदलायचा तर पुरावा समोर हवा, आणि इथे पुरावा म्हणजे फाइल. मी सुमितला सांगितलं, एजंटकडून पाठवलेली संपूर्ण फाइल माग, छाप आणि टिपणातल्या प्रत्येक वाक्यासमोर लिही की याचं उत्तर कुठल्या पानावर आहे.

एजंटने फाइल द्यायला बरीच कुरकुर केली, हेही नोंदवून ठेवते. तुमच्या नावाने काय पाठवलं गेलं, ते तुम्हाला दिसलंच पाहिजे.

पुढच्या भेटीला तो हिशेब करूनच आला. पहिल्या वर्षाची फी 17,000 कॅनेडियन डॉलर. 1 सप्टेंबर 2025 पासूनच्या अर्जांना एकट्या विद्यार्थ्याने वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात. दोन्ही मिळून 39,895, म्हणजे डॉलरला 63 रुपये धरले तर पंचवीस लाखांच्या आसपास, शिवाय विमानभाडं. वडिलांच्या खात्यात होते 31 लाख. "बघा, जास्तच आहेत," तो म्हणाला.

मी स्टेटमेंटची मागची पानं उलटायला सांगितली. अर्जाच्या पाच आठवडे आधीपर्यंत शिल्लक दोन लाखांच्या आसपास. मग एका आठवड्यात 19 लाख आणि त्यानंतर दहा. आलेला पैसा खरा होता. प्लॉट विकला होता, थोडे काकांनी दिले होते. पण फाइलमध्ये खरेदीखत नव्हतं. काकांचं पत्र नव्हतं, त्यांचं बँक स्टेटमेंटही नव्हतं. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला यातून एवढंच दिसतं की रक्कम दाखवण्यापुरती आणून ठेवली आहे आणि उद्या परत जाईल. त्यात वडिलांचं मुख्य उत्पन्न उसाचं. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे आयकर विवरणपत्रावर त्यांचा आकडा अगदीच किरकोळ. आपल्या गावात ज्या घराला सगळे खातंपितं म्हणतात, ते कागदावर गरीब दिसतं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या अर्जांत ही अडचण मला सतत भेटते आणि शहरातल्या एजंटांच्या ती ध्यानातच येत नाही.

"शेतीचा पुरावा लावला होता की," सुमित म्हणाला आणि पान शोधू लागला. सापडलं. त्याकडे तो बघत राहिला आणि एकदम हसायला लागला.

"मॅडम, सातबारा मराठीत आहे."

"मग?"

"त्यांना काय कळणार यातलं? त्यांच्या दृष्टीनं हा कोराच कागद."

आणि मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "त्या खुर्चीत मी असतो, तर मीही नाही म्हटलं असतं."

या वाक्यासाठीच मी त्याला पानांचे नंबर लिहायला लावले होते. हे मी त्याला सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं असतं तर मी अधिकाऱ्याची बाजू घेतेय, असं त्याला वाटलं असतं. त्याने स्वतः फाइल उलटी फिरवून, पलीकडच्या बाजूने वाचली आणि अपमान गळून पडला. आजीचा विषय त्यानंतर निघाला नाही. टिपणातलं पहिलं वाक्य मात्र तसंच राहिलं, कारण वय आणि अविवाहित असणं कुणी बदलू शकत नाही. फक्त तेवढ्याच कारणावरचे नकार टिकणारे नाहीत, असं कॅनडाच्या फेडरल कोर्टाने अनेक निकालांत म्हटलेलं आहे.

राहिला अभ्यासक्रमाचा प्रश्न. हाच का, असं विचारल्यावर सुमितने जागतिक दर्जाचं शिक्षण, बहुसांस्कृतिक वातावरण वगैरे घडाघडा म्हणून दाखवलं. "हे कुणाचं?" "एजंटचं. सगळ्यांना हेच देतात." मग चाकणला नक्की काय करतोस, ते विचारलं. तो पुरवठादारांकडून आलेल्या सुट्या भागांची तपासणी करायचा, नाकारलेल्या मालाची कारणं शोधायचा, त्यांचे अहवाल लिहायचा. त्यावर तो अर्धा तास रंगून बोलला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा त्यात उल्लेखही नव्हता. टिपणातली शंका रास्त होती आणि हे त्याच्याही लक्षात आलं. शेवटी त्याने क्वालिटी इंजिनिअरिंगकडे जायचं ठरवलं. कॉलेज बदललं म्हणजे नवं ऑफर लेटर आलं, आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमांना लागणारं प्रांताचं पत्र, ज्याला पीएएल म्हणतात, तेही नव्याने मिळवणं आलं. एक बॅच हातातून गेली. एजंटच्या 'लगेच'मध्ये हे बसणारं नव्हतं.

त्याने एक प्रामाणिक प्रश्न विचारला. "मला तिथं राहायला मिळालं तर आवडेलच. मग परत येईन असं लिहिणं खोटं नाही का?" कॅनडाच्या कायद्यात दुहेरी हेतू मान्य आहे. पुढे कायम राहण्याची इच्छा असणं हा नकाराचा आधार होत नाही. परवानगी मिळाली नाही तर मुदतीत निघशील का, एवढाच प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं, कंपनीने परत घेण्याची तयारी लेखी दिली होती.

पुढच्या वाटांबद्दल थोडक्यात. या नकारावर वरच्या कार्यालयात अपील नसतं. कॅनडाबाहेरच्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात 60 दिवसांत दाद मागता येते. मात्र कोर्ट परमिट देत नाही, निर्णय चुकीचा वाटला तर अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत पाठवतं. जोडलेला पुरावा अधिकाऱ्याने पाहिलाच नाही, असं टिपणावरून दिसत असेल तर ही वाट, तीही कॅनडातल्या वकिलाला विचारून. पुरावाच जोडला नव्हता, तर नवा अर्ज. सुमितचा प्रकार उघडच दुसरा. कायदेशीर सल्ला मी देत नाही. पैसे घेऊन तो देणारा माणूस वकील किंवा तिथला परवानाधारक सल्लागार आहे का, हे नोंदणीच्या यादीत तपासून घ्या.

नव्या अर्जात त्याने दीड पानाचं पत्र जोडलं. आधीच्या टिपणातला एकेक मुद्दा घेऊन त्याचं उत्तर आणि पुराव्याचं पान. खरेदीखत, काकांचं शपथपत्र आणि स्टेटमेंट, सातबारा, साखर कारखान्याची तीन हंगामांची ऊसबिलं आणि ती ज्या खात्यात जमा झाली त्याचा उतारा. जे मराठीत होतं त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. घरच्यांपैकी कुणी केलेलं भाषांतर चालत नाही.

एजंटचा शेवटचा सल्ला मात्र त्याने झुगारला, आणि याचं श्रेय मी थोडं स्वतःकडे घेते. आधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का, असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. "तिथे नाही लिही, कोण बघतंय," असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्यांच्याकडे आधीचा अर्ज असतोच. नकार कबूल केल्याने अर्ज फेटाळला जात नाही. लपवला तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते. कायमचा शिक्का ज्याला म्हणता येईल असं या सगळ्यात काही असेल, तर ते हे. सुमितने 'होय' लिहिलं आणि तारीखही दिली.

परमिट आलं. पण असंच टिपण घेऊन आलेल्या आणखी एका मुलीने पानांचे नंबर लिहिता लिहिता ठरवलं की एवढं कर्ज या कोर्ससाठी घ्यायचंच नाही. तिने कॉलेजला नकारपत्र पाठवून फी परत मागितली. प्रक्रिया शुल्क कापून ती मिळाली, कारण परताव्याचा अर्ज कॉलेजच्या मुदतीत गेला होता. ही मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. तेव्हा पुढे काहीही ठरवा, आधी तुमच्या ऑफर लेटरमधली परताव्याची शेवटची तारीख बघून घ्या आणि मला पत्राची सगळी पानं पाठवा.