फिटनेस सर्टिफिकेटवर बीपी १५८/९८ आलंय, आकडा बदलून दिला तर चालेल का?

"मॅडम, नोकरीआधीच्या मेडिकलमध्ये बीपी १५८/९८ आलं. मला कसलाच त्रास नाही, फक्त टेन्शन आलं होतं. डॉक्टर आकडा बदलून द्यायला तयार नाहीत. पीडीएफमध्ये १५८ चं १२८ मीच केलं तर काय बिघडणारे? ऑफर हातची जाईल हो."

नको करूस, आणि यात मी मदतही करणार नाही. पण ऑफर वाचवायची असेल तर करण्यासारखं बरंच आहे, ते सांगते.

असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता, क्रेन ऑपरेटरची नोकरी लागत होती, आकडाही जवळपास हाच. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) त्यालाही डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं आणि तो त्यांच्यावर चिडलेला. मी म्हटलं, अरे खाली त्यांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे, खोटा आकडा लिहिला तर त्यांचं लायसन्स धोक्यात येतं. आणि तू स्वतः बदललास तरी क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये मूळ आकडा राहतोच, कंपनीने एक मेल टाकून विचारलं की संपलं. शिवाय बऱ्याच ठिकाणी जॉइनिंगच्या दिवशी कंपनीचा डॉक्टर पुन्हा बीपी बघतो, आणि तुझं तर टेन्शनमुळेच वाढतं म्हणतोस, मग तिथे काय होणार? वाढलेलं बीपी ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, त्यावर कंपनी सहसा थांबायला तयार असते. खोट्या कागदावर कोणी थांबत नाही, ऑफर जाते, आणि नंतर कधी सापडलं तर लागलेली नोकरीही जाते.

आता त्याने केलं काय ते. एका रीडिंगवरून बीपीचा आजार सहसा ठरवत नाहीत. दवाखान्यात गेलं की वाढणारं आणि घरी नॉर्मल असणारं बीपी खूप जणांचं असतं, डॉक्टर त्याला व्हाइट कोट म्हणतात. पण तुझं तेच आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्याला डॉक्टरांनी घरी ७ दिवस मोजायला सांगितलं, दंडावर बांधायच्या डिजिटल मशीनने, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो, याचं तर आधी तसंच होत होतं, दंड जाड आणि पट्टा साधा! पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढली ती आली १३२/८३. घरच्या मोजमापात १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक मानतात.

तोवर एचआरला त्याने मेल केला, आम्ही दोघांनी बसून लिहिला: "तपासणीत बीपी जास्त आलं आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी नोंदी घेतो आहे, रिपोर्ट देण्यासाठी दहा दिवसांची मुदत मिळावी." एवढंच, रडगाणं नाही. मुदत मिळाली. नंतर डॉक्टरांनी दोन्ही आकडे खरे लिहिले, क्लिनिकमधला आणि घरचा, आणि शेरा दिला: फिट, तीन महिन्यांनी फेरतपासणी.

तुझं असंच होईल असं मी म्हणत नाही. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टर २४ तासांचं मशीन लावतील नाहीतर गोळी सुरू करतील, आणि आकडा खाली यायला काही आठवडे जातील. तेव्हा "तात्पुरता अनफिट" असा शेरा मागता येतो, तो कायमचा नकार नसतो, बीपी आटोक्यात आलं की पुन्हा तपासतात. गोळी चालू आहे हे फॉर्मवर लिहायचं, बहुतेक कामांना त्याने अडत नाही. उंचीवरचं काम किंवा गाडी चालवणं असेल तर नियम कडक असतात, तिथे कंपनीला विचार की सध्या दुसरं काम देता येईल का, आणि नाही म्हणाले तर कारण लेखी माग.

अजून एक, कारण हा प्रकार मी बघितलाय. तपासणीच्या सकाळी मित्राची किंवा वडिलांची बीपीची गोळी घेऊन जाऊ नकोस. बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि खरी परिस्थिती डॉक्टरांना कळतच नाही. उलट घरी मोजताना कधी १८०/१२० च्या वर दिसलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, नीट न दिसणं असं काही असेल तर नोंदी बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सर्टिफिकेट जमा करायची शेवटची तारीख काय आहे आणि काम नेमकं कसलं आहे ते मला कळव, एचआरच्या मेलमध्ये काय लिहायचं ते त्यावर ठरेल.