‘गेला होता’ म्हणजे दर वेळी ‘हॅड गॉन’ नव्हे

“लेकीसाठी इंग्रजीत झोपतानाची गोष्ट लिहिली. मावशी म्हणते, ‘हॅड’ काढ आणि वाक्यं तोड. पण आपण ‘गेला होता’ म्हणतोच ना? वाक्य असं आहे: व्हेन टिम हॅड रीच्ड द लेक, ही हॅड सीन दॅट हिज हॅट हॅड फॉलन इन द वॉटर, सो ही हॅड स्टार्टेड टु क्राय.”

ताई, मावशींचं बरोबर आहे, पण चारातला एक ‘हॅड’ तुम्ही अगदी योग्य जागी घातला आहे.

मराठीतलं ‘होता’ दोन कामं करतं. ‘आम्ही पोचलो तेव्हा गाडी गेली होती’ यात एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली. ‘काल आम्ही तलावपाळीला गेलो होतो’ यात मात्र तसं आधीनंतर काही नाही, ती नुसती होऊन गेलेली गोष्ट आहे. इंग्रजीतलं ‘हॅड’ पहिलंच काम करतं. दुसऱ्यासाठी तिथे साधा भूतकाळ, म्हणजे ‘वेंट’.

ओळखायचं कसं? क्रियापदाआधी मनात ‘त्याआधीच’ घालून बघा. ‘टोपी त्याआधीच पाण्यात पडली होती’ हे बसतं. ‘टिम त्याआधीच रडायला लागला होता’ हे बसत नाही, कारण टोपी दिसल्यावरच तो रडला. ‘पोचला’ आणि ‘पाहिलं’ यांचंही तेच. म्हणजे तीन ‘हॅड’ जातात, ‘हॅड फॉलन’ राहतो.

पण ऐकणारी लहान आहे. डोळे मिटत असताना तिला मागे जाऊन ‘आधी काय झालं होतं’ हे जुळवायला लावू नये. त्यासाठी घटनेऐवजी स्थिती सांगावी: टोपी ‘पडली होती’ म्हणण्यापेक्षा टोपी ‘पाण्यात होती’. मग शेवटचा ‘हॅड’ही गळतो, आणि तेवीस शब्दांचं वाक्य आपोआप तुटतं:

टिम केम टु द लेक. हिज हॅट वॉज नॉट ऑन हिज हेड. इट वॉज इन द वॉटर! टिम बिगॅन टु क्राय.

घटना घडल्या त्याच क्रमाने आल्या की ‘व्हेन’, ‘दॅट’, ‘सो’ यांची गरजच उरत नाही. टोपी आधी पडते असं दाखवूनही क्रम लावता आला असता, पण मग टिमबरोबर आपल्यालाही ती अचानक दिसण्यातली मजा जाते.

मात्र सगळीच वाक्यं पाच-पाच शब्दांची करू नका, मोठ्यानं वाचताना ठोकळे पडल्यासारखी वाटतात. तीन-चार छोट्या वाक्यांनंतर ‘अँड’ने जोडलेलं एक लांब वाक्य घ्या, एका श्वासात संपेल एवढंच: द डक स्वॅम आउट अँड ब्रॉट द हॅट बॅक टु टिम.

आपण गोष्ट सांगताना ‘आणि बघतो तर काय!’ म्हणत मध्येच वर्तमानकाळात शिरतो. ती सवय इथे आणू नका. ‘वॉज इन द वॉटर’च्या आधी क्षणभर थांबा, ‘बघतो तर काय’चं काम तो थांबा करतो.