डब्यासोबतची चिठ्ठी

"आई, नागपूरला अनयची आजी वारली. त्यांच्या घरी फुलं पाठवू की जेवण? आणि सोबत चिठ्ठीत काय लिहायचं?"

प्रिय सई,

जेवण पाठवू. आपल्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. घाटावरून आल्यावर आंघोळी होतात आणि शेजारचं, नातलगांकडचं आलेलं जेवण सगळे जेवतात. पहिल्या दिवशी डब्यांची रीघ लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहुणे तेवढेच असतात, पण डबे थांबतात. म्हणून आपला डबा शनिवारी दुपारी जाईल. धरमपेठेतली मावशी करून नेणार आहे.

सुतकात बऱ्याच घरांत फोडणी, तळण, गोडधोड चालत नाही. गोड थेट तेरवीला. कांदा-लसणाचं प्रत्येक घराचं वेगळं असतं, म्हणून मावशी अनयच्या काकूंना आधी विचारून घेईल, त्याच्या आईला नाही. दहा माणसांना पाच वाट्या तांदळाचा भात आणि दोन वाट्या तुरीच्या डाळीचं साधं वरण पुरतं. नागपूरच्या उन्हात दुपारचा भात रात्रीपर्यंत टिकत नाही, हे चिठ्ठीत असू दे.

चकचकीत कागदातला गुच्छ नको, तो अभिनंदनाचा वाटतो. मावशी सीताबर्डीहून निशिगंधाचा हार आणेल, आजींच्या फोटोसाठी.

आता चिठ्ठी. वर 'श्री' लिहू नकोस, दुःखाच्या पत्रावर तो घालत नाहीत. 'भावपूर्ण श्रद्धांजली' चौकातल्या फलकावर ठीक. तू घरातल्या माणसांना लिहिते आहेस. 'काही लागलं तर सांगा' हेही नको, कारण मग काय लागतंय ते शोधून सांगायचं काम त्यांच्यावरच येतं. काय आणलंय आणि त्याचं काय करायचं, ते सरळ लिही. आजींची एक खरी आठवण लिही. कुरडयांची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. मी लिहिलं असतं तर असं:

"काकू, अनय,
आजी गेल्याचं कळलं. उन्हाळ्यात त्यांनी मला गच्चीवर कुरडया राखायला बसवलं होतं आणि गरम चिकाची वाटी हातात दिली होती. ते सारखं आठवतंय.
डब्यात भात, साधं वरण आणि लिंबू आहे. फोडणी, कांदा-लसूण नाही. दुपारीच जेवून घ्या, उरलं तर रात्रीला ठेवू नका. डबे तसेच राहू द्या, मावशी घेऊन जाईल. उत्तर लिहायची गरज नाही.
सई"

एवढीच पुरे. तुझ्या शब्दांत लिही, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. 'आजी का गेल्या', 'शेवटी काय झालं' असं काही विचारू नकोस. ते प्रश्न त्या घरात दिवसभर प्रत्येक येणारा विचारतोच आहे.

शुक्रवारी झोपायच्या आधी चिठ्ठीचा फोटो मावशीला पाठव. तिकडे भारतात तेव्हा शनिवारची सकाळ असेल, ती छापून डब्याच्या झाकणाला लावेल.

आई