एआय रिपोर्टमध्ये रंगवलेलं वाक्य म्हणजे एआयचं वाक्य का?

प्रश्न: टीवाय बीएमएसला आहे, नेरूळ. प्रोजेक्टच्या एआय रिपोर्टमध्ये 34% आलं. रंगवलेल्या वाक्यांतली काही मी स्वतः लिहिली आहेत, अगदी शपथेवर सांगते. सर म्हणतात, तेवढी वाक्यं बदलून आण. पण रंग आला म्हणजे ते वाक्य एआयचंच, असं असतं का?

उत्तर: नसतं. आणि तेवढीच वाक्यं बदलून रंग जाईल याचीही खात्री नाही. दोन्हींचं कारण एकच आहे.

मी ठाण्यात एका डिग्री कॉलेजात शिकवतो. मार्च आला की प्रोजेक्टचे रिपोर्ट माझ्याच टेबलावर येऊन पडतात. गोंधळ सुरू होतो तो प्लॅजरिझम रिपोर्टच्या सवयीमुळे. त्यात रंगवलेल्या ओळीवर क्लिक केलं की मूळ मजकूर समोर येतो, आणि चोरी आहे की नाही ते आपण डोळ्यांनी पाहू शकतो. एआय रिपोर्टमध्ये रंगामागे असं काहीच नसतं. ‘हा मजकूर मशीनच्या लिखाणासारखा वाटतो’ एवढा एका मॉडेलचा अंदाज असतो. ‘वाटतो’ म्हणजे काय, तर पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधता येईल अशी गुळगुळीत, एकसुरी भाषा.

आता मुख्य मुद्दा. एकट्या वाक्यावरून हा अंदाज नीट बांधता येत नाही, पंधरा शब्दांत असतं तरी काय? म्हणून Turnitin सारखं टूल मजकुराचे काही वाक्यांचे तुकडे पाडतं. हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एकच वाक्य अनेक तुकड्यांत येतं. त्या सगळ्यांवरून वाक्याला 0 ते 1 मधला गुण मिळतो आणि त्यावर रंग ठरतो. म्हणजे वाक्याचा गुण त्याच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो.

कागदावर करून बघा. खरं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण कल्पना येईल. पाच-पाच वाक्यांचे तुकडे धरा, दर वेळी एक वाक्य पुढे सरकणारे. तुकड्यात जितकी वाक्यं मशीनची, तितका त्याचा गुण. नऊ वाक्यांचा परिच्छेद आहे, मधलं पाचवं वाक्य तुमचं, बाकी आठ चॅटबॉटची. पाचवं वाक्य पाच तुकड्यांत येतं आणि प्रत्येकात बाकीची चार मशीनची, म्हणून प्रत्येक तुकड्याचा गुण 0.8. सरासरीही 0.8. तुमचं वाक्य रंगलं! आता उलटं करा: आठ तुमची, मधलं एकच चॅटबॉटचं. त्याला मिळतात 0.2, आणि ते कोरं सुटतं.

हे नुसतं कागदी गणित नाही. Turnitin नेच 2023 मध्ये सांगितलं होतं की माणसाचं वाक्य चुकून एआयचं ठरण्याचं प्रमाण साधारण 4% आहे, आणि अशा चुकलेल्या वाक्यांपैकी 54% वाक्यं एआयच्या वाक्याला अगदी खेटून असतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की एकेका वाक्यावर बोट ठेवू नका, रंगाचे पट्टे बघा. सलग पानभर पट्टा असेल तर त्यात काहीतरी तथ्य असण्याची शक्यता जास्त. पट्ट्याच्या कडेची एक-दोन वाक्यं दोन्ही बाजूंनी संशयाचा फायदा देऊन वाचायची. आणि कोऱ्या पानात एकटंच वाक्य रंगलेलं असेल, तर मी त्यावर विद्यार्थ्याला बोलावत नाही.

मागच्या वर्षीची एक केस सांगतो. एका विद्यार्थिनीने जांभळी नाक्यावरच्या 60 दुकानदारांचा यूपीआय वापराबद्दल सर्व्हे केला होता. निष्कर्षांचा परिच्छेद रंगलेला होता आणि त्यात हे वाक्यही होतं: 60 पैकी 38 जण यूपीआय घेतात, पण त्यातले 21 जण मोठ्या रकमेला रोखच मागतात. ती रडकुंडीला आली, ‘सर, हे मी फॉर्म मोजून लिहिलंय.’ फॉर्मचा गठ्ठा तिच्या पिशवीतच होता. आम्ही दोघांनी बसून मोजलं, 38 आणि 21 बरोबर निघाले. मग मी त्याच्या मागचं-पुढचं वाक्य कुठून आलं विचारलं. ‘यावरून डिजिटल व्यवहारांकडे वाढता कल दिसून येतो’ छापाची वाक्यं होती ती. थोडं थांबून तिने सांगितलं, परिच्छेद छोटा वाटला म्हणून चॅटबॉटकडून वाढवून घेतला. म्हणजे वाक्याबाबत ती खरी होती आणि परिच्छेदाबाबत रिपोर्टही खरा होता.

गंमत पुढे आहे. शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी पूर्ण कोऱ्या होत्या, आणि त्यांचं आमच्या एका सहकाऱ्याने कौतुकही केलं होतं. त्या सगळ्याच्या सगळ्या चॅटबॉटच्या निघाल्या. त्या बुलेटमध्ये होत्या, आणि असा यादीतला मजकूर तपासणीत धरलाच जात नाही. सलग गद्य तेवढंच मोजतात. तुमचे 34% सुद्धा त्याच गद्यापैकी आहेत, अख्ख्या फाइलपैकी नाहीत. 6,000 शब्दांत तक्ते, याद्या वगळून 4,000 शब्द गद्य उरलं असेल, तर रंगलेला मजकूर 1,360 शब्दांच्या आसपास. (आकडा 1 ते 19 मध्ये असता तर Turnitin ने तो न देता नुसतं *% दाखवलं असतं. तिथे चुकीची शक्यता जास्त, असं त्यांचंच म्हणणं.)

एक प्रकार मात्र मला अजून नीट सोडवता येत नाही. मराठी माध्यमातली मुलं वहीत मराठीत लिहितात आणि ट्रान्सलेटरमधून इंग्रजी काढतात. विचार त्यांचा, वाक्यरचना मशीनची. रंग आला तर तो चूक म्हणता येत नाही, पण त्यावरून कॉपी केली म्हणणंही बरोबर नाही. तुमचं असं काही असेल तर सरांना आधीच सांगा आणि वही दाखवा.

आता सरांकडे जाताना काय न्यायचं. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर `File > Version history > See version history` उघडा. मजकूर चार दिवसांत हळूहळू वाढलेला दिसतो, की अख्खं पान एका मिनिटात येऊन पडलेलं दिसतं, ते तिथे लगेच कळतं. सोबत भरलेले फॉर्म आणि एक्सेल शीट. जी वाक्यं तुमची आहेत त्यांच्या आजूबाजूची कुठून आली, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा, कारण सरांचा पुढचा प्रश्न तोच असायला हवा. ती चॅटबॉटची असतील तर अख्खा परिच्छेद फॉर्म समोर ठेवून पुन्हा लिहा. तुमचं बरोबर असलेलं वाक्य मोडून काहीच साधणार नाही, शेजारी तेच राहिले तर त्याचा गुणही तसाच राहील. आणि पॅराफ्रेझरला हात लावू नका. Turnitin त्यालाही शोधतं, आणि तसा मजकूर सापडला तर तो एआयच्या नेहमीच्या निळसर रंगात नव्हे, जांभळ्या रंगात दाखवतं.