आधी लोकांचे तास आखा, मग कामाचे

प्रश्न: नाशिकला जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. ऑफिसात मी आणि एक मुलगा. टाइम ब्लॉकिंग करून पाहिलं, पण अकरा वाजायच्या आत फोन आणि येणारी माणसं सगळं उधळून लावतात. आपल्यासारख्यांना हे जमतं का?

उत्तर:

जमतं, पण आखणी उलट्या टोकाकडून करावी लागते. आपण आधी कामाचे चौकोन पाडतो: दहा ते बारा अमुक पार्टीचं रिटर्न, बारा ते एक नोटिशीचं उत्तर. फोन आणि भेटीगाठींना त्या कागदावर जागाच नसते. जागा नसली म्हणून माणसं यायची थांबत नाहीत, ती कामाच्या चौकोनात घुसतात. मी याच व्यवसायात आहे, ऑफिस कॅनडा कॉर्नरच्या बाजूला. माझ्या दिवसात आधी लोकांचे तास ठरतात आणि डोकं लावायचं काम उरलेल्या वेळात बसतं.

त्यासाठी आधी एक आठवडाभर फक्त नोंद ठेवा. फुलस्केप कागदावर चार रकाने: किती वाजता, कोण, कशासाठी, आणि हे किती वेळ थांबू शकलं असतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तो फोन ठेवल्या ठेवल्या भरायचा. संध्याकाळी आठवून लिहिलं तर सगळंच तातडीचं वाटतं. आपल्या धंद्यात या कागदावर साधारण तेच ते दिसतं: ‘माझं रिटर्न भरलं का?’, ‘चलन किती भरायचं?’, ‘ही नोटीस आलीय, काय करू?’ आणि ओटीपी. यातलं तासाभरात उत्तर हवंच असं फार थोडं निघतं. माणसं कधी येतात तेही कळतं. माझ्याकडे दुकानदार मंडळी जेवणाआधी येतात, सातपूर-अंबडची कारखानदार मंडळी संध्याकाळी घरी जाता जाता डोकावतात. दुपारी अडीच ते चार जवळजवळ शुकशुकाट. तुमच्याकडे वेगळं असू शकेल, म्हणून माझ्या वेळा उचलू नका.

ओटीपीचं वेगळं सांगते, कारण हा व्यत्यय लोक आणत नाहीत, आपणच ओढवून घेतो. सकाळी एकाचं रिटर्न सबमिट करायला घेतलं, ओटीपी गेला त्याच्या मोबाइलवर, तो गाडी चालवतोय. मग फोन, मग वाट, तोवर ओटीपी बाद. दुपारी तोच फोन करतो, ‘मॅडम, मघाशी काय आलं होतं?’ आता मी रिटर्न तयार करून ठेवते आणि ओटीपीची सगळी कामं संध्याकाळी एकाच तासात काढते. दुपारी पार्ट्यांना मेसेज जातो: ‘आज साडेपाच ते साडेसहा मोबाइल जवळ ठेवा.’ एवढ्याने दिवसभरातले कितीतरी फोन आपोआप गळतात.

आता आखणी. समजा ऑफिस दहा ते सात आहे आणि तुमची नोंद माझ्यासारखीच निघाली. मग आधी उघडे तास ठरवा: साडेअकरा ते एक, आणि पाच ते सात. या वेळात कोणीही या, कितीही फोन करा. त्यानंतर फोन परत करायच्या दोन वेळा, एक ते सव्वा आणि पावणेचार ते सव्वाचार. मग बंद तास: सकाळी दहा ते साडेअकरा, दुपारी अडीच ते पावणेचार. राहिला सव्वाचार ते पाच. तो मुद्दाम कोरा ठेवायचा, कारण सकाळचं काहीतरी उसवतंच आणि ते शिवायला जागा लागते. हिशेब केला तर बंद वेळ जेमतेम पावणेतीन तास निघतो. कमी वाटतो ना? पण सलग मिळाला तर त्यात २बीची जुळवणी, नोटिशीचं उत्तर, एखादा ताळेबंद एवढं सहज होतं. आपल्या कामात सहा तास बंद दार मिळेल ही आशा सोडून द्या.

उघड्या तासात हात रिकामे ठेवून बसायचं नाही. पण तिथे फक्त असं काम घ्यायचं ज्याचा धागा तुटला तरी बिघडत नाही. बँक स्टेटमेंटच्या नोंदी, बिलं लावणं, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो पार्टीच्या फोल्डरमध्ये टाकणं. मधेच कोणी आलं तरी पुढच्या ओळीपासून सुरू करता येतं. जुळवणी मात्र उघड्या तासात चुकूनही घ्यायची नाही. पुरवठादाराच्या बिलाचा नंबर २बीत एक आणि खरेदीच्या वहीत दुसरा, तो फरक डोक्यात धरलेला असताना फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून.

बंद तास टिकवणं हे खरं तुमच्या ऑफिसातल्या मुलाचं काम आहे, आणि त्याला नेमकं काय बोलायचं ते शिकवायला हवं. ‘साहेब कामात आहेत’ हे वाक्य बंद करा. त्यावर समोरचा म्हणतो, ‘दोनच मिनिटं द्या,’ आणि मुलगा फोन आत आणून देतो. ‘काय काम आहे?’ हेही नको, लोक सगळी कहाणी सांगत बसतात. त्याने विचारायचं, ‘उत्तर किती वाजेपर्यंत लागेल?’ आणि सांगायचं, ‘पावणेचार ते सव्वाचारमध्ये सर स्वतः फोन करतील.’ नाव, नंबर, विषय एका ओळीत डायरीत. आणि तो फोन त्या वेळेत गेलाच पाहिजे, उत्तर तयार नसलं तरी, ‘अजून पाहतोय, उद्या सांगतो’ एवढं सांगायला. लोक पुन्हा पुन्हा फोन करतात कारण आपण परत करू असा त्यांना भरवसा नसतो. तो बसला की फोन कमी होतात, पण त्याला दोन-तीन आठवडे जातात. तोवर थोडी कुरकुर ऐकून घ्यायची.

मोबाइलवर `Do Not Disturb` लावताना एक गोष्ट बघा. त्यात `Repeat callers` चालू असेल, तर तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा घंटी वाजते (आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची). सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, पण आपल्याकडे पहिला फोन उचलला नाही की दुसरा लगेच लावणं ही रीतच आहे. म्हणजे सगळेच आत येतात. ते बंद करा आणि घरची माणसं, मुलांची शाळा, ऑफिसातला मुलगा एवढे नंबर अपवादात टाका. व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल तर `Away message` ला `Custom schedule` लावता येतं. त्यात ‘उघडे तास अमुक ते अमुक’ एवढंच लिहा. माफीबिफी नको.

समोर येणाऱ्या माणसाचं जास्त अवघड, कारण त्याला ‘नंतर’ म्हणणं आपल्याला जड जातं. शहरातला असेल तर मी केबिनच्या दारात उभी राहते. कागद घेते, काय कमी आहे ते तिथेच सांगते, पुढची वेळ देते. आत येऊन खुर्चीत बसला आणि चहा आला की अर्धा तास गेला म्हणून समजा. पण निफाडहून, पिंपळगावहून एसटीने आलेला द्राक्षबागायतदार सीबीएसवर उतरून उन्हातून चालत येतो. त्याला ‘साडेअकराला या’ म्हणणं माणुसकीला धरून नाही, आणि तो परतीची गाडी सोडून बसणारही नाही. बाहेरगावचा माणूस बंद तासातही घ्यायचा, हा माझा नियमच आहे.

फक्त त्याआधी तीस सेकंद मागून घ्यायची. समोरची ओळ पूर्ण करायची आणि चिठ्ठीवर लिहायचं: कुठे थांबले, पुढची पायरी कोणती. ‘ऑगस्टची बिलं ४७ पर्यंत जुळली, ४८ चा टॅक्स दोनदा दिसतोय, पार्टीला विचारणे.’ सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामावरचं लक्ष कमी होतं. २०१८ मध्ये तिने थेरेसा ग्लॉम्बबरोबर केलेल्या कामात असंही आढळलं की उठण्याआधी परतल्यावर काय करायचं याची छोटी नोंद केली, तर समोरच्या कामात लक्ष जास्त लागतं. म्हणजे चिठ्ठीचा फायदा समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही होतो, त्याचं बोलणं आपण नीट ऐकतो.

हे कुठे मोडतं? तारखांपाशी. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, तिमाहीवाल्यांची महाराष्ट्रात २२. या तारखांच्या आधीच्या दोन दिवसांत वरची आखणी चालत नाही, चालवायचा हट्टही धरू नका. त्या दिवसांसाठी दुसरा कागद ठेवा: सकाळचा बंद तास ठेवायचा, दुपारचा सोडून द्यायचा आणि कोऱ्या जागेत ओटीपीचा आणखी एक हप्ता. २बी १४ तारखेला येतं, म्हणून जुळवणीचे बंद तास १५ ते १७ मध्ये ठेवले की शेवटी धावपळ कमी होते.

चालतंय की नाही ते ओळखायला बंद तास मोडला की कागदावर फुली मारा. फुल्या आठवडाभर पांगलेल्या असतील तर चिंता नाही. एकाच चौकोनात रोज पडत असतील तर तो चौकोन चुकीच्या वेळी आहे, तो सरकवा. लोकांना दटावून काही होत नाही. आणि फुल्या एकाच माणसाच्या नावाने असतील तर त्याला आठवड्यातून एक ठरलेली वेळ द्या. आमच्याकडे असे एक काका होते, रोज यायचे. आता दर बुधवारी साडेअकराला येतात आणि सगळे प्रश्न एकदम चिठ्ठीवर लिहून आणतात.

सुरुवात महिन्याच्या मध्यात करू नका. तिमाही नसलेल्या महिन्यात २१ पासून करा. पुढच्या ७ पर्यंत दोन आठवडे मोकळे मिळतात, पहिल्यात नोंद ठेवा आणि दुसऱ्यात आखणी चालवून बघा.